एकच साखर, दोन आजार

मुलांनो, एका घराची कल्पना करा. त्या घरात पासष्ट वर्षांच्या दादी आहेत आणि आठवीत शिकणारा त्यांचा नातू आहे. दादींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. उर्दूत आपण ज्याला जियाबेतीस म्हणतो, तोच हा आजार. दादी सकाळ-संध्याकाळ एक एक गोळी घेतात. गेले तीन आठवडे नातवाचीही तब्येत बरी नाही. तो सारखे पाणी पितो आणि रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो. भूक लागते, पोटभर जेवतो, तरीही त्याची पँट कमरेत सैल झाली आहे. एके दिवशी दोघांचेही रक्त तपासले. दोघांच्या कागदावर एकच आकडा आला : दर १०० मिलिलीटर रक्तात ३२० मिलिग्रॅम साखर.

घरातल्या कोणालाही वाटेल की आजार एकच आहे, तेव्हा औषधही एकच चालेल. दादींच्या डबीतली गोळी नातवाला दिली तर काय बिघडले? या पाठात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. ते सापडले की परीक्षेतील 'मधुमेहाच्या दोन प्रकारांतील फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला पाठ करावे लागणार नाही.

आधी निरोगी माणसाच्या रक्तात किती साखर असते ते पाहू. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लीटर रक्त असते. सकाळी उपाशीपोटी दर १०० मिलिलीटर रक्तात साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. आता गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! याउलट, दुपारच्या जेवणातल्या दोन चपात्या आणि वाटीभर भात यांच्या पचनातून साठ-सत्तर ग्रॅम ग्लुकोज तयार होते. ते सगळे रक्तातच साठून राहिले असते, तर साखर बारा-तेरा पटींनी वाढली असती. पण निरोगी माणसात जेवणानंतर दोन तासांनी ती १४० च्या खालीच असते. मग एवढे ग्लुकोज गेले कोठे?

ते गेले पेशींमध्ये. आणि ते तेथे जावे, असा निरोप देणारे रसायन म्हणजे इन्सुलिन.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक लांबट ग्रंथी असते. उर्दूत तिला लबलबा म्हणतात. या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. परंतु तिच्यात अधूनमधून पेशींचे छोटे छोटे पुंजके विखुरलेले आहेत. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली सूक्ष्मदर्शकातून ते प्रथम पाहिले, म्हणून त्यांना लांगरहान्सची द्वीपे म्हणतात. या द्वीपांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवांना निरोप पोहोचवणारे रसायन.

रक्तातील ग्लुकोज वाढले की ते बीटा पेशींमध्येही शिरते. त्यामुळे साखर वाढल्याचे या पेशींना आपोआप कळते आणि त्या इन्सुलिन सोडतात. हे इन्सुलिन तीन ठिकाणी काम करते. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोज आत घेणारी दारे असतात, पण एरवी ती पेशीच्या पोटात पडून असतात. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटले की ही दारे वर येतात आणि ग्लुकोज आत शिरते. यकृताचे, म्हणजे जिगरचे, काम थोडे वेगळे आहे. त्याची दारे नेहमीच उघडी असतात. तेथे इन्सुलिन सांगते की रक्तात साखर सोडणे थांबव आणि आलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेव. तिसरे काम चरबीच्या साठ्याशी संबंधित आहे. शरीरातील चरबी विनाकारण वितळू नये, यासाठी इन्सुलिन तिला रोखून धरते. विद्यार्थी नेहमी हे तिसरे काम विसरतात. तुम्ही ते लक्षात ठेवा, कारण नातवाचा जीव पुढे याच गोष्टीमुळे धोक्यात येणार आहे.

जेवून बरेच तास झाले, रात्र उलटली, की उलट क्रिया सुरू होते. एकट्या मेंदूला दर तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे रक्तातला तो चमचाभर साठा तासाभरातच संपायला हवा. पण तो संपत नाही. साखर थोडी खाली येताच बीटा पेशी हात आखडता घेतात, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि यकृत साठवलेले ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज रक्तात सोडू लागते. रक्तातील इन्सुलिन काही मिनिटांतच नष्ट होते, त्यामुळे जुना निरोप मागे रेंगाळत नाही. साखर वाढली तर ती कमी करणारा निरोप, कमी झाली तर वाढवणारा निरोप. अशा रीतीने घड्याळाच्या लंबकासारखी ती एका ठरावीक मर्यादेत हलत राहते.

आता नातवाकडे वळू. त्याचे शरीर रोगजंतूंशी लढणारी स्वतःची फौज बाळगून आहे, तशी ती आपल्या सर्वांकडेच असते. काही मुलांमध्ये ही फौज चुकून स्वतःच्याच बीटा पेशींना शत्रू समजते आणि त्यांचा नाश करते. यात मुलाचा किंवा त्याच्या आईवडिलांचा काही दोष नसतो, आणि मिठाई खाल्ल्याने हे घडत नाही. हा नाश महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, गुपचूप चालतो. बहुतेक बीटा पेशी संपल्यावर लक्षणे मात्र काही आठवड्यांतच उघड होतात. याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. येथे इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही.

इन्सुलिन नाही, म्हणून स्नायूंची दारे वर येत नाहीत आणि यकृत थांबायचे नाव न घेता साखर रक्तात ओतत राहते. रक्तातील साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना, म्हणजे गुर्द्यांना, ती सगळी परत शोषून घेता येत नाही. मग ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून मुलगा वारंवार लघवीला जातो आणि म्हणून त्याला तहान लागते. हा क्रम नीट ध्यानात घ्या. पुष्कळ विद्यार्थी उत्तरात लिहितात की रोगी पाणी फार पितो, त्यामुळे त्याला लघवी फार होते. हे उलटे झाले! मधुमेह या नावातही हीच गोष्ट दडलेली आहे. मधु म्हणजे मध आणि मेह म्हणजे मूत्र.

भोवती साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी, अशी ही स्थिती आहे. शरीराला वाटते की दुष्काळ पडला. आता चरबी रोखून धरणारे इन्सुलिनही उरलेले नाही. तेव्हा चरबी भराभर वितळते, यकृतात तिच्यापासून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ तयार होतात आणि रक्त आम्ल होऊ लागते. हे आम्ल बाहेर टाकण्यासाठी रोगी खोल आणि जोरजोराने श्वास घेतो. त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. पोट दुखते, उलट्या होतात, ग्लानी येते. वेळीच इन्सुलिन मिळाले नाही तर मृत्यू येतो.

इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी या मुलांचे शेवटी हेच होत असे. कॅनडातील टोरोंटो शहरात लेनर्ड टॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा रुग्णालयात होता. त्याचे वजन तीस किलोच्या आसपास राहिले होते. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडांपासून काढलेला अर्क ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता. टोचलेल्या जागी गळू झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने पुढचे बारा दिवस रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर एका दिवसात त्या मुलाची साखर ५२० वरून १२० वर आली आणि लघवीतील कीटोन नाहीसे झाले. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

हा शोध लागल्यावर लोकांना वाटले की मधुमेहाचे कोडे सुटले. इन्सुलिन नसते म्हणून मधुमेह होतो, इन्सुलिन द्या म्हणजे झाले. पण दादींसारखे रोगी या स्पष्टीकरणात बसेनात. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी मधुमेही माणसांना एकाच वेळी ग्लुकोज पाजले आणि इन्सुलिन टोचले, आणि नंतर साखरेचे काय होते ते मोजले. काही जणांमध्ये इन्सुलिनने वाढणारी साखर दाबून धरली. इतरांमध्ये तेवढेच इन्सुलिन देऊनही साखर चढतच गेली. पहिल्या गटात बहुधा तरुण आणि सडपातळ माणसे होती, दुसऱ्या गटात बहुधा वयस्क आणि स्थूल. हिम्सवर्थ यांनी १९३६ साली हा फरक जगापुढे मांडला. (आपल्याकडील प्राचीन सुश्रुतसंहितेतही प्रमेहाचे सहज आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल, असे त्यांचे वर्णन आहे. त्या वैद्यांनी रोगी किती बारकाईने पाहिले असतील!)

तरीही रक्तातील इन्सुलिन प्रत्यक्ष मोजण्याची खात्रीची पद्धत तेव्हा नव्हती. ती अमेरिकेतील रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली आणि १९६० साली प्रसिद्ध केली. त्यांनी मोठ्या वयात मधुमेह झालेल्या माणसांचे रक्त तपासले, तेव्हा तेथे इन्सुलिन होतेच. अनेकांच्या रक्तात तर निरोगी माणसापेक्षाही जास्त होते. म्हणजे निरोप पाठवला जात होता, पण ऐकणारा ऐकत नव्हता. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच वारले होते.

दादींच्या शरीरात हेच घडले. त्यांच्या बीटा पेशी शाबूत होत्या आणि इन्सुलिन सोडत होत्या. परंतु स्नायू, चरबी आणि यकृत त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासे झाले. याला इन्सुलिन-रोध म्हणतात. पोटावर वाढलेली चरबी, कमी हालचाल, वाढते वय आणि घराण्यातून आलेला कल ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. सुरुवातीला स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन सोडून हा रोध भरून काढला, म्हणून बरीच वर्षे साखर वाढलीच नाही. हळूहळू बीटा पेशी थकल्या, मागणीइतके इन्सुलिन पुरेना, आणि मग साखर वर चढू लागली. हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. तो इतका सावकाश येतो की पुष्कळांना तो दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासल्यावर कळतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली, आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर डॉक्टर मधुमेह आहे असे ठरवतात.

मग दादी आणि नातू दोघांची साखर ३२० असताना दादी घरकाम करत फिरतात आणि नातू मात्र अंथरुणाला खिळतो, असे का? चरबी रोखून धरायला अगदी थोडे इन्सुलिन पुरते. दादींकडे साखर आवरण्याइतके इन्सुलिन नाही, पण चरबी रोखण्याइतके आहे. म्हणून त्यांच्या रक्तात सहसा कीटोन साठत नाहीत. नातवाकडे तेवढेही नाही. याचा अर्थ दादींचा आजार किरकोळ आहे, असा मात्र नाही. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली तर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांची हानी होते, आणि ही हानी दोन्ही प्रकारांत होते.

आता आपण गोळीच्या प्रश्नाकडे परत येऊ. दादी मेटफॉर्मिन नावाची गोळी घेतात. ती मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, पण शरीरात इन्सुलिन असेल तरच तिचा खरा उपयोग. दुसऱ्या काही गोळ्या बीटा पेशींना डिवचून अधिक इन्सुलिन सोडायला लावतात. ज्याच्या बीटा पेशीच संपल्या आहेत, त्याच्या बाबतीत त्या डिवचणार कोणाला? समजा, शेजारच्या खालांच्या सल्ल्यावरून नातवाला दादींची गोळी दोन दिवस दिली. साखर उतरत नाही आणि ते दोन दिवस मात्र वाया जातात. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू होतात, श्वास जोरात चालू लागतो. रुग्णालयात डॉक्टरांना त्याच्या श्वासाचा वास येतो, ते लघवीत कीटोन तपासतात आणि लगेच शिरेतून सलाईन आणि इन्सुलिन सुरू करतात. रक्तातील पोटॅशियमवरही ते लक्ष ठेवतात, कारण इन्सुलिनबरोबर पोटॅशियमही पेशींत शिरते आणि रक्तात ते फार कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. वेळेवर उपचार झाले तर असा मुलगा काही दिवसांत उठून बसतो.

यापुढे त्याला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागेल. ते गोळीच्या रूपात देता येत नाही, कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटातील पाचकरस ते डाळीतल्या प्रथिनासारखे पचवून टाकतात. टोचण्यातही एक अडचण आहे. साखर कमी झाली की स्वादुपिंड आपले इन्सुलिन थांबवते. टोचलेले इन्सुलिन मात्र थांबवता येत नाही. मुलाने इन्सुलिन घेतले आणि जेवण चुकले, किंवा तो दोन तास क्रिकेट खेळला, तर साखर ७० च्या खाली घसरते. हातपाय कापतात, घाम येतो, तो चिडचिड करतो किंवा गोंधळल्यासारखे बोलतो. अशा वेळी तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. तुमच्या वर्गात असा मित्र असेल तर त्याच्या दप्तरातील ग्लुकोजची पुडी ही त्याची गरज आहे, खाऊ नव्हे. तो बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्या.

उत्तरपत्रिका तपासताना आणखी एक चूक फार दिसते. विद्यार्थी लिहितात की इन्सुलिन टोचून घेतो तो पहिल्या प्रकारचा रोगी आणि गोळ्या घेतो तो दुसऱ्या प्रकारचा. हे खरे नाही. पुष्कळ वर्षांनी दादींच्या बीटा पेशी फार कमी झाल्या तर त्यांनाही इन्सुलिन टोचावे लागेल, पण त्यामुळे त्यांचा आजार पहिल्या प्रकारचा होणार नाही. वयावरूनही नक्की सांगता येत नाही. चाळिशीत पहिल्या प्रकारचा मधुमेह होऊ शकतो, आणि हल्ली स्थूल मुलांमध्ये दुसऱ्या प्रकारचाही दिसतो. शंका असेल तेव्हा डॉक्टर रक्तात दोन गोष्टी शोधतात. बीटा पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे सापडली तर तो बहुधा पहिला प्रकार असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सी-पेप्टाइड. बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात तेव्हा एका लांब साखळीचा मधला तुकडा कापून टाकतात, तोच हा सी-पेप्टाइड. इन्सुलिनच्या प्रत्येक कणामागे त्याचा एक कण रक्तात येतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून रोगी रोज इन्सुलिन टोचत असला, तरी त्याचे स्वतःचे स्वादुपिंड काही तयार करते की नाही, हे सी-पेप्टाइडवरून कळते. काही वर्षांनी नातवाच्या रक्तात ते जवळजवळ शून्य असेल, दादींच्या रक्तात मात्र आढळेल.

आता परीक्षेतील उत्तर. 'मधुमेह इन्सुलिनच्या कमतरतेमुळे होतो' एवढेच लिहिले तर तुम्ही फक्त नातवाविषयी लिहिले. दादी राहून गेल्या. आधी एका वाक्यात दोघांत समान काय ते लिहा : रक्तातील साखर कायम जास्त राहते. मग कारण लिहा : पहिल्या प्रकारात बीटा पेशी नष्ट झाल्यामुळे इन्सुलिन जवळजवळ नसते, दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण पेशी त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत आणि पुढे ते अपुरेही पडते. एकदा कारण लिहिले की बाकीचे त्यातूनच काढता येते. पहिला प्रकार झपाट्याने का दिसतो, त्यात कीटोन का साठतात, त्यावर इन्सुलिनच का लागते, आणि दुसऱ्या प्रकारात चालणे, वजन घटवणे आणि गोळ्या यांचा उपयोग का होतो, हे सगळे त्या कारणाला जोडून लिहा.

स्वाध्याय

१. निरोगी माणसाच्या सर्व रक्तात मिळून सुमारे किती ग्लुकोज असते? हिशेब करून दाखवा.

२. कारणे द्या : (अ) मधुमेहाच्या रोग्याला वारंवार तहान लागते. (आ) इन्सुलिन गोळीच्या रूपात देता येत नाही. (इ) दादींच्या रक्तात सहसा कीटोन साठत नाहीत.

३. हिम्सवर्थ यांच्या प्रयोगात नातवाला बसवले असते तर त्याची साखर चढली असती की दबली असती? आणि दादींची? तुमच्या शब्दांत लिहा.

४. एका रोग्याच्या रक्तात भरपूर इन्सुलिन आहे, पण सी-पेप्टाइड जवळजवळ नाही. त्याच्या रक्तातील इन्सुलिन कोठून आले असेल?